गच्चीवरची ती फट सिमेंटने बुजवू नका

प्रश्न: "आमची चार मजली इमारत ८४ मीटर लांब आहे. बरोबर मधोमध गच्चीपासून खालपर्यंत इंचभर रुंद फट ठेवलेली आहे. दर पावसाळ्यात तिथून पाणी खालच्या मजल्यांवर उतरतं. तीनदा सीलंट भरून झालं, दरवेळी वर्षभरात फाटलं. आता कंत्राटदार म्हणतोय की फट सिमेंट-वाळूने ठासून भरू, वरून वॉटरप्रूफिंग आणि फरशी सलग करू, म्हणजे कटकट कायमची मिटेल. हे करावं का? आणि मुळात ही फट कशासाठी ठेवतात?"

करू नका. गळती थांबणार नाही आणि आज गच्चीपुरता असलेला त्रास भिंतींमध्ये, कठड्यात, कदाचित टोकाच्या कॉलममध्येही जाईल. तीनदा सीलंट का फाटलं याचं कारण बहुधा सीलंटच्या दर्जात नाही. तुमच्या इमारतीचे दोन भाग एकमेकांपासून रोज थोडे आणि वर्षभरात बरेच हलतात, आणि आजवर प्रत्येक वेळी ती फट म्हणजे एक स्थिर भेग आहे असं समजून ती भरली गेली. ती यंत्राच्या हलत्या भागासारखी हाताळावी लागते. किती हलते हे आधी समजलं पाहिजे, मग कशाने झाकायची ते ठरतं.

हिशेब अगदी सोपा आहे. काँक्रीटची एक मीटर लांबी एक अंश सेल्सियसने तापली की साधारण एक शतांश मिलिमीटरने वाढते. खडी कोणत्या दगडाची आहे त्यावर हा आकडा थोडा कमीजास्त होतो. चुनखडीच्या खडीचं काँक्रीट कमी वाढतं, गारगोटीचं जास्त. आतली सळईही जवळजवळ तेवढीच वाढते, म्हणूनच तर काँक्रीट आणि लोखंड एकत्र नांदू शकतात. आता तुमच्या गच्चीचा स्लॅब घ्या. फटीमुळे त्याचे ४२ मीटरचे दोन तुकडे झाले आहेत. प्रत्येक तुकडा आपापल्या मध्यापासून दोन्हीकडे सरकतो, म्हणजे फटीच्या बाजूला डावीकडची २१ मीटर आणि उजवीकडची २१ मीटर लांबी येते. एकूण ४२ मीटरची हालचाल त्या एका फटीत उतरते. हिवाळ्यातल्या पहाटेपासून कडक उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत स्लॅबचं स्वतःचं तापमान ३५ अंशांनी बदललं असं धरू. ४२ गुणिले ३५ म्हणजे १४७०, त्याचे शतांश मिलिमीटर म्हणजे जवळपास १५ मिलिमीटर. इंचभर फटीच्या निम्म्याहून जास्त! आणि एका दिवसाच्या ऊन-थंडीत स्लॅब १० अंशांनी जरी बदलला, तरी ४ मिलिमीटर.

इथे एक खुलासा. हवेचं तापमान आणि स्लॅबचं तापमान एक नसतं. उघड्या गच्चीचा पृष्ठभाग उन्हात हवेपेक्षा खूप जास्त तापतो, पण स्लॅबच्या जाडीतलं सरासरी तापमान तेवढं चढत नाही. गच्चीवर चांगलं उष्णतारोधक आवरण असेल तर हा चढउतार बराच कमी होतो. म्हणून वरचा ३५ हा आकडा तुमच्या हवामानाप्रमाणे आणि गच्चीच्या थरांप्रमाणे बदलेल. पद्धत तीच राहते.

फट नसती तर काय झालं असतं? वाढू पाहणाऱ्या स्लॅबला पूर्णपणे अडवलं तर ३० अंशांच्या फरकाने काँक्रीटमध्ये साधारण ७ ते ८ मेगापास्कल ताण तयार होतो. दाबाखाली काँक्रीट एवढं सहज सोसतं. पण थंड होताना हाच ताण खेचण्याचा असतो, आणि खेचलं तर सामान्य काँक्रीट ३ मेगापास्कलच्या आसपास तडकतं. प्रत्यक्षात स्लॅब कधीच पूर्ण अडवलेला नसतो. कॉलम थोडे वाकतात, भिंती थोड्या सरकतात आणि ताण कमी होतो. नेमकं इथेच नुकसानाचं ठिकाण ठरतं. पायाजवळच्या मातीचं तापमान फारसं बदलत नाही, त्यामुळे इमारतीचा तळ जागचा हलत नाही. गच्ची मात्र सर्वांत जास्त हलते. सगळा फरक या दोघांमधल्या कॉलमना आणि भिंतींना सहन करावा लागतो, आणि इमारतीच्या मध्यापासून जितकं दूर जावं तितका तो वाढतो. म्हणून अशा भेगा टोकाच्या खोल्यांमध्ये आणि सर्वांत वरच्या मजल्यावर आधी दिसतात. स्लॅबच्या लगेच खाली भिंतीत आडवी भेग, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, आणि मध्यभागी काहीच नाही, असं चित्र असेल तर मी आधी तापमानाचा विचार करतो. पाया खचल्याच्या भेगा अशा वाटल्या जात नाहीत. त्या बहुधा खालच्या मजल्यापासून सुरू होतात आणि ऋतूंबरोबर उघडझाप करत नाहीत.

नवं काँक्रीट सुकताना आकसतंही. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे आकसणं फटीला कायमचं थोडं रुंद करतं. तुमची इमारत जुनी असेल तर तो भाग संपला आहे, आता फक्त तापमानाची ये-जा उरली आहे. काही लांब इमारतींत स्लॅबमध्ये मीटरभर रुंदीची पट्टी मोकळी ठेवतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती ओततात. पुष्कळ जण ही पट्टी म्हणजे एक्सपान्शन जॉइंटचा, म्हणजे तुमच्याकडे आहे तशा फटीचा, पर्याय आहे असं समजतात. ती फक्त सुरुवातीच्या आकसण्याचा काही भाग सामावून घेते. एकदा ओतली की स्लॅब सलग झाला, आणि पुढच्या प्रत्येक उन्हाळ्या-हिवाळ्याला तो सलग स्लॅब म्हणूनच सामोरा जातो.

किती लांबीनंतर फट हवीच, याचं एक उत्तर नाही. भारतीय मानक आयएस ४५६ साधारण ४५ मीटरच्या पुढच्या इमारतींना असे जॉइंट द्यायला सांगतं, आणि तुमच्या इमारतीचे ४२-४२ मीटरचे दोन भाग बहुधा त्यातूनच आले असावेत. पण हा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नाही. आतून तापमान सांभाळलेली, चांगलं आवरण असलेली, लवचिक कॉलमांची इमारत त्याहून बरीच लांब चालते, फक्त तापमानाचा ताण हिशेबात धरून सळई द्यावी लागते. उलट लिफ्टचा किंवा जिन्याचा जाड काँक्रीटचा गाभा दोन्ही टोकांना असेल तर ४० मीटरही त्रासदायक ठरू शकतात, कारण मधला स्लॅब दोन खांबांना बांधलेल्या दोरीसारखा अडकतो. गाभा मध्यात असला की दोन्ही बाजू मोकळेपणाने बाहेर सरकतात. एल आकाराच्या इमारतीत दोन पंख जिथे भेटतात तो आतला कोपरा लांबी कमी असूनही तडकतो, कारण दोघांची ओढ वेगवेगळ्या दिशांना असते.

आता सिमेंटने बुजवण्याबद्दल, कारण तुमचा खरा निर्णय तोच आहे. काही वर्षांपूर्वी मला एक तीन मजली, ९० मीटरच्या आसपास लांब इमारत पाहायला बोलावलं होतं. तिच्यात दोन फटी होत्या, ३०-३० मीटरचे तीन भाग. गळतीला कंटाळून दोन्ही फटींत वरून मॉर्टर ठासला होता आणि गच्चीवर फरशी सलग केली होती. हे काम हिवाळ्यात झालं होतं, म्हणजे फट सर्वांत रुंद असताना. पहिल्या उन्हाळ्यात फटीच्या रेषेवरच्या फरश्या दोन्ही बाजूंनी दाबल्या जाऊन घराच्या छपरासारख्या वर उचलल्या गेल्या. पुढच्या हिवाळ्यात मॉर्टर एका बाजूने सुटला आणि केसभर भेग पडली. पावसाला तेवढी वाट पुरे होते, त्यामुळे गळती पूर्ववत झाली. त्याहून वाईट म्हणजे त्या भेगेत वाळूचे कण पडत राहिले. उन्हाळ्यात स्लॅब वाढला की ते कण पाचरीसारखे मध्ये येत, म्हणून स्लॅब जागेवर परतण्याऐवजी थोडा पलीकडे ढकलला जाई. पुढच्या थंडीत भेग आणखी थोडी रुंद, आणखी कण आत. असं दरवर्षी. चार वर्षांत टोकाच्या कठड्याचा कोपरा भिंतीच्या रेषेबाहेर सरकलेला डोळ्यांना दिसत होता आणि वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोल्यांत स्लॅबखाली आडवी भेग पडली होती.

आम्ही फटीच्या दोन्ही बाजूंना स्क्रू बसवून आधी दिवसभराची हालचाल मोजली. ती जवळजवळ शून्य होती. मग मॉर्टर पूर्ण खोलीपर्यंत काढून घेतला, त्याला तीन दिवस लागले, आणि तशाच हवेत पुन्हा मोजलं. आता सकाळ ते दुपार ४ मिलिमीटरची हालचाल होती. ३० मीटरला ती अगदी अपेक्षित आहे. म्हणजे एवढे दिवस ती हालचाल फटीऐवजी टोकाच्या भिंती झेलत होत्या. सरकलेला कठडा मात्र परत आला नाही, तो पाडून नव्याने बांधावा लागला.

तेव्हा तुमच्याकडे पहिलं काम भरण्याचं नाही, मोजण्याचं आहे. फटीच्या दोन्ही बाजूंना, प्लास्टर किंवा फरशीत नाही तर थेट काँक्रीटमध्ये, स्टेनलेस स्टीलचा एकेक स्क्रू पक्का बसवा. दोन स्क्रूंमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने घ्या, एकदा सूर्योदयाच्या आधी आणि एकदा दुपारी चारच्या सुमारास. भर दुपारी बारा वाजता नको, कारण ऊन स्लॅबच्या जाडीत उतरायला काही तास लागतात. अशी जोडी गच्चीवर, मधल्या मजल्यावर आणि तळमजल्यावर बसवा. गच्चीवर सर्वांत जास्त आणि खाली येताना कमी हालचाल मिळाली तर इमारत हवी तशी वागते आहे. तिन्हीकडे जवळजवळ काहीच मिळालं नाही, तर फट कुठेतरी अडकलेली आहे.

ती अडकलेली असणं फार सर्रास आढळतं. बांधकामाच्या वेळी शटरिंगची फळी फटीतच राहते, दुसऱ्या बाजूचा स्लॅब ओतताना काँक्रीटची स्लरी आत उतरते, प्लास्टर करताना गवंडी उरलेला माल आत सारतो. कित्येकदा स्लॅबला फट असते पण कठडा सलग ओतलेला असतो, किंवा भिंत फटीवरून सरळ बांधून काढलेली असते. खालून टॉर्च लावून पाहा, वरून हॅक्सॉ ब्लेडसारखी पातळ पट्टी आत घालून जिथे अडते तिथे खूण करा. लाकूड, मॉर्टर, विटांचे तुकडे काढायला हरकत नाही. पण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेली सळई दिसली तर ती कापू नका. फटीच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र कॉलम आहेत की एका बाजूचा बीम दुसऱ्या बाजूच्या कॉलममधून काढलेल्या आधारावर नुसता टेकलेला आहे, हे आधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनियरने जागेवर येऊन पाहायला हवं. जोड-कॉलम असतील तर खाली पाया एकच असला तरी चालतो, कारण जमिनीखाली तापमान फारसं बदलत नाही. फट पायाच्या वर संपली म्हणजे चूक झाली असं समजू नका.

आता सीलंट का फाटलं ते पाहू. समजा मोजणी केल्यावर तुमच्या गच्चीवरची फट हिवाळ्यातल्या पहाटे ३१ मिलिमीटर आणि उन्हाळ्यातल्या दुपारी १९ मिलिमीटर निघाली. हालचाल १२ मिलिमीटर. गणिताच्या १५ पेक्षा थोडी कमी, कारण कॉलम आणि भिंती थोडं धरून ठेवतात. सीलंटच्या माहितीपत्रकात "२५ टक्के" किंवा "५० टक्के" असं हालचाल सोसण्याचं प्रमाण दिलेलं असतं. याचा अर्थ सीलंट भरताना फट जेवढी रुंद होती त्या रुंदीच्या अधिक-उणे तेवढे टक्के. फट २५ मिलिमीटर असताना, म्हणजे मधल्या ऋतूत सकाळी, भरलं तर ते ६ मिलिमीटर ताणलं जाईल आणि ६ मिलिमीटर दाबलं जाईल. दोन्हीकडे २४ टक्के. २५ टक्क्यांचं सीलंट काठावर पास होईल, ५० टक्क्यांचं आरामात. पण तेच काम पावसाळ्याआधीच्या घाईत, भर उन्हाळ्यात दुपारी फट १९ मिलिमीटर असताना केलं तर? पुढच्या हिवाळ्यात त्याला १२ मिलिमीटर ताणावं लागेल, म्हणजे ६३ टक्के. ५० टक्क्यांचं महागडं सीलंटही तिथे टिकणार नाही. बहुतेक ठिकाणी गळतीची कामं पावसाच्या तोंडावरच काढली जातात. तुमची तिन्ही कामं कोणत्या महिन्यात झाली ते एकदा तपासून पाहा.

दुसरं कारण सीलंटच्या आकारात असतं. लोकांना वाटतं जितकं खोल भराल तितकं पक्कं. रबराचा पट्टा ताणला की मध्ये बारीक होतो, तसं सीलंटलाही मध्ये बारीक व्हायला जागा लागते. जाड भरलं तर कडांवर ओढ वाढते आणि ते काँक्रीटपासून सुटतं. खोली रुंदीच्या साधारण निम्मी असावी, २५ मिलिमीटर फटीत १२ मिलिमीटर. आणि ते फक्त दोन बाजूंना चिकटायला हवं. तळालाही चिकटलं तर तळ त्याला धरून ठेवतो, मध्ये बारीक होऊ देत नाही, आणि ते मधोमध फाटतं. हे टाळण्यासाठी आधी फटीत बॅकर रॉड बसवतात, म्हणजे बंद छिद्रांच्या फोमची गोल दोरी. ती फटीहून चतुर्थांशाने जाड घ्यायची, २५ मिलिमीटरला ३० ते ३२ मिलिमीटरची, म्हणजे दाबून बसते आणि जागची हलत नाही. सीलंट तिला घट्ट चिकटत नाही. ती आत सारताना टोकदार हत्यार वापरू नका. फोमला भोक पडलं तर आतली हवा बाहेर येऊन ओल्या सीलंटमध्ये फुगे धरतात. बोथट लाकडी पट्टी आणि खोलीची खूण पुरेशी आहे.

फाटलेलं जुनं सीलंट हातात घेऊन पाहिलं तर कारण कळतं. मधोमध फाटलं असेल तर ताण जास्त पडला किंवा तळ चिकटला होता. एका कडेने स्वच्छ सुटलं असेल आणि त्याच्या पाठीवर सिमेंटची धूळ चिकटलेली असेल तर कडा साफ केलेल्या नव्हत्या किंवा प्रायमर लावलेलं नव्हतं. कडेच्या काँक्रीटचा पापुद्राच त्याच्याबरोबर आला असेल तर कडा कमकुवत आहे, आधी तिची दुरुस्ती करावी लागेल. फुगून फटीबाहेर आलं असेल तर ते थंडीत भरलं गेलं. नवं सीलंट निवडताना जुन्याचा मागमूस राहता कामा नये, विशेषतः जुनं सिलिकॉन असेल तर, कारण त्याच्या पातळ थरावर दुसरं काहीही धरत नाही. ग्राइंडरने दोन्ही कडा कोरं काँक्रीट लागेपर्यंत घासून घ्या. उन्हात उघड्या जागी मी सिलिकॉन वापरतो, मात्र व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा प्रकार काँक्रीटवर चालत नाही, न्यूट्रल क्युअर लागतं. त्यावर रंग बसत नाही. बाहेरच्या भिंतीला रंग द्यायचाच असेल तर पॉलियुरेथेन घ्यावं, आणि ते उन्हाने लवकर थकतं हे गृहीत धरावं.

एवढं सगळं नीट केलं तरी गच्चीवर नुसत्या सीलंटच्या भरवशावर राहू नका. हे माझं पक्कं मत आहे. उभ्या भिंतीवर पाणी येतं आणि खाली निघून जातं, तिथे सीलंट पुरतं. गच्चीवर पाणी त्याच्यावर उभं राहतं, सूर्य दिवसभर तापवतो, लोक त्यावरून चालतात. तिथे खरा उपाय एकच, फटीची तोंडं पाण्याच्या पातळीच्या वर उचलायची. फटीच्या दोन्ही बाजूंना स्लॅबमध्ये सळई रोवून काँक्रीटची एकेक बुटकी भिंत ओततात. ती तयार गच्चीच्या पातळीपेक्षा किमान १५० मिलिमीटर उंच हवी. दोन्ही भिंती एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या, मध्ये फट तशीच मोकळी. प्रत्येक बाजूचं वॉटरप्रूफिंग आपापल्या भिंतीवर चढून माथ्यापर्यंत येतं, आणि खालच्या कोपऱ्यात त्याला काटकोनाऐवजी गोलाई द्यायची, नाहीतर ते तिथेच तुटतं. माथ्यावर एका बाजूकडून दुसरीकडे लवचिक मेम्ब्रेनची पट्टी जाते, पण ताणून नाही. ती फटीत झोळीसारखी लोंबती सोडायची आणि झोळीत मऊ फोमची दोरी ठेवायची. फट सर्वांत रुंद झाली तरी झोळी सरळ होता कामा नये.

या सगळ्यावर पत्र्याची टोपी येते, अ‍ॅल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची. ती एकाच बाजूला स्क्रूने पक्की करायची. दुसऱ्या बाजूला ती फक्त भिंतीवरून खाली वळलेली असते आणि मोकळेपणाने सरकते. मी उघडून पाहिलेल्या अनेक गळक्या जॉइंटमध्ये टोपी दोन्ही बाजूंना पक्की केलेली होती. मग हालचाल झाली की स्क्रूची भोकं लांबट होतात, आणि पाणी त्या भोकांतूनच आत शिरतं. टोपीचे तुकडेही लांबीच्या दिशेने वाढतात. अ‍ॅल्युमिनियम काँक्रीटच्या दुपटीहून जास्त वाढतं, ३ मीटरचा तुकडा ४० अंशांना जवळपास ३ मिलिमीटर. म्हणून तुकडे एकमेकांवर १०० मिलिमीटर चढवायचे आणि त्या चढावात सीलंट भरायचं, रिव्हेट मारायचा नाही.

सर्वांत जास्त गळती मात्र या रेषेच्या दोन टोकांना होते, जिथे बुटक्या भिंती कठड्याला भिडतात. कठड्यालाही त्याच रेषेत, माथ्यापर्यंत फट हवी, आणि टोपी कठड्यावर चढून बाहेरच्या बाजूला उतरायला हवी. आराखड्यात हा कोपरा क्वचितच काढलेला असतो, म्हणून जागेवर पत्र्याचं काम करणारा त्याला सुचेल तसं जुळवतो. मी या कोपऱ्याचं कागदाचं पूर्ण आकाराचं मॉडेल आधी करून घेतो आणि मगच पत्रा कापू देतो. गच्चीचा उतारही दोन्ही बाजूंना फटीपासून दूर हवा आणि प्रत्येक भागाला पाणी निघायची स्वतःची वाट हवी. आत्ता तुमच्या एका भागाचं पाणी फटीवरून दुसरीकडे जात असेल, तर भिंती बांधल्यावर ते अडेल. नवा पाइप आधी काढा, मग बुटक्या भिंतींना हात घाला.

गच्चीवरून ढकलगाड्या जात असतील किंवा दोन्ही भागांत सरळ चालत जाता यायलाच हवं असेल, तर उंच भिंत जमत नाही. तिथे गच्चीच्या पातळीला तयार धातू-रबराचं प्रोफाइल बसवतात, आणि त्याच्या खाली फटीत मेम्ब्रेनची उतार दिलेली पन्हळ ठेवतात. वरून गळेल ते तिच्यातून बाहेर काढायचं. हे महाग आणि नाजूक काम आहे, जागा उचलून घेता येत असेल तर टाळा.

आतल्या मजल्यांवर तत्त्व तेच, पाणी नसल्यामुळे काम सोपं. फरशी फटीच्या दोन्ही कडांना थांबते, वर धातूची पट्टी एका बाजूला पक्की आणि दुसऱ्या बाजूला सरकती. छताला आणि भिंतीलाही तसंच. प्लास्टर फटीवरून सलग नेलं तर ते पहिल्या वर्षी तडकेल, म्हणून दोन्ही कडांना धातूचा कॉर्नर बीड लावून प्लास्टर थांबवायचं. मजल्यांच्या फटीत मिनरल वूल दाबून भरायचं आणि वर आगरोधक सीलंट द्यायचं. खालच्या मजल्यावर आग लागली तर मोकळी फट धुराला धुराड्यासारखी वर नेते. थर्मोकोल तिथे नको. पाण्याचे आणि विजेचे पाइप फट ओलांडतात तिथे लवचिक जोड किंवा वळसा आहे का हेही बघा. पाणी फटीतून येतंय असं वाटत असताना ते तिथे तुटलेल्या पाइपमधून आलेलं मी दोनदा पाहिलं आहे.

एक गोष्ट तुमच्या जागेवर अवलंबून आहे. भूकंपप्रवण भागात असाल तर इंचभर फट बहुधा अपुरी आहे. तापमानाने दोन्ही भाग संथपणे, मिलिमीटरांत हलतात. भूकंपात ते एकमेकांविरुद्ध दिशांना डोलू शकतात, आणि चार मजल्यांच्या माथ्यावर ते अंतर कित्येक पट मोठं असतं. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात शेजारच्या इमारती एकमेकींवर आदळून झालेलं नुकसान ठळकपणे दिसलं होतं. तिथली फट किती हवी हे सीलंटवरून ठरत नाही, दोन्ही भागांच्या डोलण्याच्या हिशेबावरून ठरतं, आणि आहे ती फट कमी निघाली तर निर्णय स्ट्रक्चरल इंजिनियरचाच. तोवर निदान आहे ती जागा मॉर्टरने भरून संपवू नका.

तुमच्यासाठी क्रम असा राहील. आधी स्क्रू बसवून मोजणी, फट शेवटपर्यंत मोकळी आहे का ते पाहणं आणि अडकलेलं काढणं. मग उतार आणि पाण्याच्या वाटा. मग बुटक्या भिंती, झोळी आणि टोपी. भिंतींवरचं सीलंट मधल्या ऋतूत, फट सरासरी रुंदीला असताना. स्क्रू काम झाल्यावरही तसेच ठेवा. पहिल्या हिवाळ्यात पहाटे आणि पहिल्या उन्हाळ्यात दुपारी पुन्हा मोजा, आणि त्याच दोन वेळी टोपीची सरकती कड बोटाने हलवून पाहा. ती हलत नसेल तर कोणीतरी तिला नंतर स्क्रू मारला आहे, तो काढून टाका.